कोंकणी शिकवणाऱ्या ॲपचं लिस्टिंग: कोणाला, कशातून आणि कुठली कोंकणी

प्रश्न: आम्ही दोघांनी मराठीतून कोंकणी शिकवणारं ॲप बनवलं आहे. प्ले स्टोअरवर टाकायचं आहे, पण टायटल, शॉर्ट डिस्क्रिप्शन आणि स्क्रीनशॉटवरच्या ओळी जमत नाहीत. टायटलचा मसुदा असा आहे: ‘कोंकणी शिका – सर्वोत्तम मोफत भाषा ॲप’. यात काय बदलू? (पर्वरी)

उत्तर:

तुमच्या मसुद्यात एक भाषा आहे आणि एक गायब आहे. भाषा शिकवणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये दोन भाषा असतात: शिकायची आणि जिच्यातून शिकायची ती. कोंकणी टायटलमध्ये आली. मराठी मात्र कुठेच नाही, आणि तुमच्या ॲपचं सगळं वेगळेपण त्या मराठीत आहे. इंग्रजीतून कोंकणीचे धडे देणारी पुस्तकं, व्हिडिओ, ॲपं शोधली तर सापडतात. ज्याला मराठी येते त्याला ‘आय वाँट’पासून सुरुवात करायची गरजच नसते. ‘मला हवं’ आणि ‘म्हाका जाय’ शेजारी ठेवलं की त्याला अर्धी वाट दिसते. हे लिस्टिंगमध्ये दिसलं पाहिजे.

मी पणजीत राहून गेली बरीच वर्षं ॲपची लिस्टिंग लिहितोय, त्यातली काही भाषा शिकवणाऱ्या ॲपची. त्या अनुभवातून सांगतो. काही गोष्टी तुमच्या ॲपमध्ये आत काय आहे यावर अवलंबून आहेत. त्या जिथे येतील तिथे तसं म्हणेन, कारण ॲप मी पाहिलेलं नाही.

आधी माणूस ठरवा. गोव्यात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बहुतेकांच्या घरात कोंकणीच बोलली जाते. सकाळी मराठी पेपर वाचणारा फोंड्याचा माणूस तुमचं ॲप घेणार नाही, त्याला त्याची गरज नाही. गरज आहे ती सांगली-कोल्हापूर-बेळगावहून इथे नोकरीला आलेल्याला, लग्न होऊन आलेल्या मुलीला, बदली झालेल्या बँकेतल्या माणसाला, हॉस्पिटलात रुजू झालेल्या नर्सला. दुसरा गट मुंबई-पुण्यात वाढलेल्या गोंयकार मुलांचा: आजी बोलते ते कळतं, पण तोंडातून निघत नाही. हे दोन गट वेगळे आहेत आणि त्यांना पटणाऱ्या ओळीही वेगळ्या. एका लिस्टिंगमध्ये दोघांना बोलवायला गेलात की कोणालाच ते आपलं वाटत नाही. तुमचे धडे बाजार, बस, ऑफिस असे असतील तर पहिला गट धरा. मी पुढचं सगळं त्याला धरून लिहितो. धडे घर, नाती, जेवणखाण असे असतील तर दुसरा गट धरा आणि उदाहरणं बदलून घ्या.

आता टायटल. प्ले स्टोअरवर टायटलला ३० कॅरेक्टर मिळतात. पूर्वी ५० असायची, २०२१ मध्ये ती ३० झाली. मराठीत लिहिणाऱ्यांची इथे नेहमी फसगत होते, कारण आपण अक्षरं मोजतो आणि कन्सोल कॅरेक्टर मोजतं. ‘कोंकणी’ आपल्या हिशेबाने तीन अक्षरं. कन्सोलच्या हिशेबाने सहा: क, ओकाराची खूण, अनुस्वार, क, ण, वेलांटी. ‘सर्वोत्तम’ तोंडाने म्हणायला चार अक्षरं, पण दोन हलंत आणि एक ओकार धरून नऊ कॅरेक्टर. तुमचा पूर्ण मसुदा ३६ भरतो, म्हणजे तो त्या चौकटीत बसणारच नाही.

त्यातही एक लपलेली गोष्ट आहे. ‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकच कॅरेक्टर येतं, मग शब्द दोन कॅरेक्टरचा. दुसऱ्या कीबोर्डवर अ, मग न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, मग चंद्र, मग प, असे चार. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. मोजणी दोनाने जास्त येते आणि का ते कळत नाही, तेव्हा बहुधा हेच असतं. तो शब्द पुसून दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप करून बघा.

तुमच्या बाबतीत मी ‘ॲप’ शब्दच काढेन. प्ले स्टोअरवर आलेल्या माणसाला हे ॲप आहे हे सांगावं लागत नाही. ‘सर्वोत्तम’ आणि ‘मोफत’ हे तर काढावेच लागतील. टायटलमध्ये क्रमांक, श्रेष्ठत्व किंवा किंमत सांगणारे शब्द गूगलच्या मेटाडेटाच्या नियमांत बसत नाहीत. ‘बेस्ट’, ‘नंबर वन’, ‘फ्री’ यांची जी गत, तीच त्यांच्या मराठी भावंडांची. इमोजीही चालत नाही. नियम नसता तरी मी ते काढलेच असते, कारण त्या दोन शब्दांनी आणि मधल्या जागांनी मिळून पंधरा कॅरेक्टर खाल्ली आणि ॲपबद्दल एक गोष्ट सांगितली नाही.

समजा ॲपचं नाव ‘उलय’ आहे, म्हणजे कोंकणीत ‘बोल’. मग मराठी लिस्टिंगचं टायटल असं होईल: ‘उलय: मराठीतून कोंकणी शिका’. हे २५ भरतं. नाव आलं, शिकायची भाषा आली, जिच्यातून शिकायची ती आली, काय करायचं ते आलं. उरलेली पाच कॅरेक्टर भरायचा मोह सोडा. तुमचं नाव लांब असेल, उदाहरणार्थ दहा-बारा कॅरेक्टरचं, तर ‘शिका’ सोडा, ‘मराठीतून’ सोडू नका. ‘मराठीतून कोंकणी’ एवढं वाचलं की शिकायचं आहे हे कळतं.

आता गोव्यात राहणाऱ्याला माहीत असलेली, पण लिस्टिंग लिहिताना विसरली जाणारी अडचण: ‘कोंकणी’ की ‘कोकणी’? गोव्यात देवनागरीत लिहिताना अनुस्वार येतो आणि तो लोकांना जवळचा आहे. महाराष्ट्रातला माणूस सवयीने ‘कोकणी’ लिहितो, आणि त्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थही वेगळा असू शकतो: रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची बोली, मालवणी, कोकणातला माणूस. म्हणजे तुमचा ग्राहक सर्चमध्ये एक शब्द टाइप करतो आणि तुम्ही दुसरा लिहिता. वर तो ज्या शब्दाने शोधतो त्याच शब्दाने मालवणी गाण्यांची ॲपंही येऊ शकतात.

माझं मत असं: टायटलमध्ये ‘कोंकणी’च ठेवा. तुमचं ॲप ती भाषा शिकवतं, तर तिचं नाव तिच्या माणसांसारखं लिहिलं पाहिजे. पहिला रिव्ह्यू लिहिणारा गोंयकार तेच बघणार आहे. ‘कोकणी’ हा शब्द सविस्तर वर्णनात एकदा, खऱ्या वाक्यात आणा. सविस्तर वर्णनाला ४००० कॅरेक्टर मिळतात आणि प्ले स्टोअरचं सर्च तेही वाचतं. वाक्य असं: ‘गोव्याची कोंकणी (मराठीत अनेक जण कोकणी लिहितात) ही मालवणीपेक्षा वेगळी आहे. हे ॲप गोव्यात बोलली जाणारी कोंकणी शिकवतं.’ यात शोधायचा शब्द आला आणि गैरसमजही मिटला. शब्द पाच वेळा पेरलात तर वाचणाऱ्याला खडे लागतात, शिवाय एकच शब्द घोटणं गूगलला चालत नाही.

तिसरं लेखन रोमीतलं आहे, आणि मी तर म्हणेन तेच सगळ्यांत महत्त्वाचं. मराठी माणूस मोबाइलवर मराठी वाचतो, पण सर्चच्या चौकटीत बहुधा ‘konkani’ असं टाइप करतो. त्याच्या फोनची भाषाही पुष्कळदा इंग्रजीच असते. प्ले स्टोअर माणसाला त्याच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे लिस्टिंग दाखवतं. म्हणजे तुम्ही मराठी लिस्टिंग कितीही सुंदर लिहिलंत तरी तुमचा बराच मराठी ग्राहक इंग्रजी लिस्टिंगच पाहणार. म्हणून दोन लिस्टिंग करा: डीफॉल्ट इंग्रजी (`en-IN`), आणि जोडीला मराठी (`mr-IN`). इंग्रजीचं टायटल आणि शॉर्ट डिस्क्रिप्शन मी असं ठेवेन:

```
Ulai: Learn Goan Konkani
Marathi speakers: learn the Konkani spoken in Goa, with audio and Devanagari.
```

पहिली ओळ २४, दुसरी ७७. इथे ‘मराठी’ हा शब्द टायटलमधून शॉर्ट डिस्क्रिप्शनमध्ये गेला, पण तिथे तो सगळ्यांत पहिला बसला. हे मी मुद्दाम केलं. इंग्रजीत टायटल सापडण्यासाठी जास्त राबतं, तेव्हा ‘ही कोणासाठी’ हे सांगायचं काम खालच्या ओळीला द्यावं लागतं.

शॉर्ट डिस्क्रिप्शनला ८० कॅरेक्टर असतात. सर्चच्या यादीतून माणूस ॲपच्या पानावर आला की मजकुरातली हीच ओळ आपसूक वाचली जाते. सविस्तर वर्णन टॅप केल्याशिवाय उघडत नाही आणि फार थोडे टॅप करतात. बहुतेक जण इथे टायटलच पुन्हा लिहितात: ‘कोंकणी भाषा सोप्या पद्धतीने शिका’. टायटल वाचून आलेल्या माणसाला यातून काहीच नवं मिळालं नाही. ‘सोप्या पद्धतीने’ हे तर कोणीही म्हणतं. या ओळीने दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: ही कुठली कोंकणी, आणि मी ती कुठे वापरणार?

‘कुठली’ हा प्रश्न कोंकणीत फार खरा आहे. गोव्यातच अंत्रुजेची कोंकणी वेगळी, बारदेशची वेगळी, साष्टीची वेगळी. मंगळुरूची आणखी वेगळी, आणि ती कानडी लिपीतही लिहिली जाते. गोव्यात देवनागरी आहे तशी रोमी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, तरी तियात्र आणि चर्चच्या परंपरेतली रोमी जिवंत आहे. हा सगळा इतिहास लिस्टिंगमध्ये घालायचा नाही. पण ‘गोव्याची’ हा एक शब्द घालायचा, आणि आवाज कोणत्या भागातल्या माणसांचे आहेत ते सविस्तर वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत प्रामाणिकपणे सांगायचं. नाही सांगितलं तर मडगावचा माणूस ऐकून लिहितो, ‘ही आमची कोंकणी नव्हे,’ आणि एक तारा देतो. त्याचं चुकत नाही, कारण त्याला आधी कोणी सांगितलेलं नसतं.

मराठी लिस्टिंगसाठी माझी ओळ अशी: ‘दुकानात, बसमध्ये, कार्यालयात उपयोगी पडणारी गोव्याची कोंकणी, आवाजासह.’ ६८ कॅरेक्टर. तीन जागा लिहिल्यात त्या तुमच्या धड्यांतल्याच असू द्या. कार्यालयाचा धडा नसेल तर कार्यालय लिहू नका. आवाज माणसाचा असेल तर ‘आवाजासह’ ठेवा, नसेल तर काढा. ॲप इंटरनेटशिवाय चालत असेल तर ‘आवाजासह’च्या जागी तेही घेता येईल, पण दोन्ही कोंबू नका.

एक शब्द टाळा: ‘परीक्षा’. गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोंकणीचं ज्ञान मागितलं जातं, त्यामुळे तो शब्द लिहिला की शोधणारे येतील. पण तुमचे धडे बोलण्याचे असतील आणि परीक्षेच्या तयारीचे नसतील, तर ते लोक येतील, दहा मिनिटांत बघतील आणि रागावून जातील.

याच प्रकारची एक चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी पोर्तुगीज शिकवणाऱ्या एका ॲपसाठी मी लिहिलं होतं, ‘३० दिवसांत पोर्तुगीज बोला’. ॲपमध्ये तीस छोटे धडे होते, रोज एक, म्हणून ते मला खरंच वाटलं होतं. इन्स्टॉल चांगले झाले. पण गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण मोठ्या गरजेने येतात. घरात तिकडचे कागद करायचे असतात, कोणी तिकडे जायच्या तयारीत असतं. तिसाव्या दिवशी त्यांना अभिवादन, आकडे आणि हॉटेलातली वाक्यं येत होती, बोलता येत नव्हतं. रिव्ह्यू वाचताना मला वाईट वाटलं, कारण धडे चांगले होते आणि ॲप करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती. बुडवलं ते माझ्या ओळीने. नंतर आम्ही ‘पोर्तुगीजचे पहिले ३० धडे’ एवढंच केलं. इन्स्टॉल आधीपेक्षा कमी झाले, पण आलेले लोक टिकले आणि तक्रारी थांबल्या. तेव्हापासून मी किती दिवसांत येईल हे कधी लिहीत नाही, ॲपमध्ये किती आहे तेवढं लिहितो.

आता स्क्रीनशॉट, म्हणजे माझ्या मते लिस्टिंगमधली सगळ्यांत श्रीमंत जागा. फोनसाठी प्ले स्टोअर आठपर्यंत स्क्रीनशॉट घेतं. कमीत कमी दोन लागतात, पण चार किंवा जास्त टाका, आणि १०८० पिक्सेलच्या खाली जाऊ नका. उभे स्क्रीनशॉट असले तर पहिले दोन-तीनच न सरकवता दिसतात. बाकीचे सरकवून पाहणारे थोडे. म्हणून पहिल्या तिनात सगळं सांगून झालं पाहिजे.

कॅप्शन म्हणजे स्क्रीनशॉटच्या डोक्यावरची ओळ. इथे सगळेजण आतल्या सोयींची नावं लिहितात: ‘संवादात्मक धडे’, ‘शब्दसंग्रह’, ‘प्रगतीचा आलेख’. ती नावं बनवणाऱ्याच्या डोक्यातली आहेत. शिकणाऱ्याच्या डोक्यात काय असतं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासेवालीसमोर उभं राहिल्यावर तोंड उघडत नाही, हे असतं. म्हणून माझी पद्धत अशी आहे की पहिल्या स्क्रीनशॉटने दुकानाच्या पायरीवरच एक गोष्ट शिकवून टाकायची. माणसाने ॲप न घेता नुसतं पान पाहिलं तरी त्याला एक शब्द आला पाहिजे.

आणि मराठी माणसासाठी तुमच्या हातात खजिना आहे: सारखे दिसणारे, वेगळा अर्थ असणारे शब्द. ‘नुस्तें’ म्हणजे मासळी, मराठी माणसाला ‘नुसतं’ ऐकू येतं. ‘जाय’ म्हणजे हवं, मराठी माणसाला कोणी जायला सांगितल्यासारखं वाटतं. ‘नाका’ म्हणजे नको, आणि मराठी माणूस नाक्यावर जाऊन पोहोचतो. असा शब्द पहिल्या कॅप्शनमध्ये टाकला की ‘हे मराठी माणसासाठी आहे’ हे वेगळं सांगावं लागत नाही. वाचणाऱ्याला ते आतून कळतं, कारण हा गोंधळ फक्त मराठी येणाऱ्याचाच होऊ शकतो. इंग्रजीतून शिकवणारं कोणतंही ॲप ही ओळ लिहू शकणार नाही.

तुमच्या पहिल्या चार स्क्रीनशॉटची मांडणी मी अशी करेन. पहिल्यात बाजाराच्या धड्यातला संवाद दिसू द्या, त्यात ‘म्हाका बांगडे जाय’ हे वाक्य ठळक, आणि कॅप्शन: ‘‘जाय’ म्हणजे ‘हवं’!’ दुसऱ्यात ऐकून म्हणायचा स्क्रीन, कॅप्शन: ‘आधी ऐका, मग म्हणा’. तिसऱ्यात चुकीचं उत्तर दिल्यावर येणारी मराठी टीप, कॅप्शन: ‘कुठे चुकलं ते मराठीत कळतं’. चौथ्यात धड्यांची यादी, आणि कॅप्शनमध्ये खरा आकडा: ‘२४ धडे: बाजार, बस, शेजार’. चोवीसच्या जागी तुमचा जो असेल तो. आकडा लहान असला तरी लिहा. कमी धड्यांचं ॲप लोक माफ करतात, पण न सांगितलेलं माफ करत नाहीत. रोमी लिपीची सोय असेल तर पाचवा स्क्रीनशॉट तिचा: ‘देवनागरी की रोमी? तुम्ही निवडा’. नसेल तर चार पुरे.

तिसऱ्या स्क्रीनशॉटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बनवणारे तो टाळतात. चूक झालेला लाल स्क्रीन लिस्टिंगमध्ये कशाला, असं त्यांना वाटतं. पण तुमच्या ॲपची मराठी सगळ्यांत जास्त तिथेच दिसते. समजा शिकणाऱ्याने ‘हांव’च्या जागी ‘मी’ लिहिलं आणि खाली आलं, ‘मराठीतला मी म्हणजे कोंकणीत हांव’. हे पाहून माणसाला कळतं की इथे आपल्याला पडणाऱ्या चुका आधीच कोणीतरी ओळखून ठेवल्यात. ते कॅप्शनने सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

कॅप्शन तीन ते सहा शब्दांचं ठेवा आणि जास्तीत जास्त दोन ओळींत बसवा. गूगलची सूचना आहे की वर लिहिलेला मजकूर चित्राच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा व्यापू नये, आणि ‘आत्ताच डाउनलोड करा’ यासारखं आवाहन नको. आता देवनागरीची गोष्ट. मात्रा, रफार, अनुस्वार वर जातात, उकार खाली येतो, म्हणून ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो. फार जाड फाँटमध्ये ‘क’ची पोकळी बुजते आणि लहान आकारात ‘कोंकणी’चा अनुस्वार ओकाराच्या टोकात हरवतो. मग तुमच्या टायटलमधला अनुस्वार आणि चित्रातला ‘कोकणी’ असं विचित्र दिसतं. मध्यम जाडीचा फाँट घ्या.

दुसरी भीती वेलांटीची. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही: ‘शिका’ची वेलांटी ‘श’च्या पलीकडे जाऊन पडते, जोडाक्षर फुटून हलंत उघडा दिसतो. ॲडोबीच्या प्रोग्राममध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू केला की हे बरेचदा सुटतं. डिझायनरला मराठी वाचता येत नसेल तर त्याला हे दिसणारच नाही, म्हणून शेवटची पीएनजी तुम्ही स्वतः वाचा. कॉम्प्युटरवर मोठी करून नव्हे, फोनवर, ती प्ले स्टोअरमध्ये दिसेल तेवढ्या लहान आकारात.

आणखी एक सल्ला, पहिल्यांदा ऐकून कदाचित पटणार नाही: इंग्रजी लिस्टिंगमध्येही स्क्रीनशॉटची कॅप्शन मराठीतच ठेवा. टायटल आणि शॉर्ट डिस्क्रिप्शन इंग्रजीत, चित्रं मराठीत. कारण इंग्रजी सेटिंगच्या फोनवर तुमचं पान उघडणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. ज्यांना मराठी येते त्यांना देवनागरीतलं ‘जाय म्हणजे हवं’ दिसताच पानच वेगळं वाटतं. ज्यांना मराठी येत नाही, म्हणजे दिल्ली-बंगळुरूहून आलेले, त्यांना ते ॲप उपयोगी पडणारच नाही, आणि चित्रावरून त्यांना ते लगेच कळतं. इंग्रजी कॅप्शन पाहून त्यांनी ॲप घेतलं, आत मराठी निघाली, की तोच एक तारा ठरलेला.

ॲपलच्या स्टोअरवरही जायचा विचार असेल तर थोडक्यात: तिथे नावाला ३०, खाली सबटायटलला ३०, आणि वाचकाला न दिसणारे १०० कॅरेक्टरचे कीवर्ड वेगळे. नावात जो शब्द आला तो कीवर्डमध्ये पुन्हा लिहून जागा घालवू नका. ‘कोकणी’ हे लेखन त्या न दिसणाऱ्या चौकटीत सुखाने बसतं. तुम्ही नुकतीच सुरुवात करताय, तर आधी प्ले स्टोअर नीट करा.

टाकण्याआधी एक चाचणी करा, तिला पैसे लागत नाहीत. नुकतीच गोव्यात आलेली तीन-चार मराठी माणसं शोधा. तुमचे मित्र नकोत, ॲपबद्दल ऐकलेले तर नकोतच. फोनवर टायटल, ओळ आणि पहिले तीन स्क्रीनशॉट पाच सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि विचारा: हे कोणासाठी आहे, आणि आत काय करायचं? ‘कोंकणी शिकायचं काहीतरी’ एवढंच उत्तर आलं तर मराठी अजून दिसत नाही. ‘माझ्यासारख्यांसाठी’ आलं की झालं. मी हे पणजीच्या कदंब स्टँडवर, बसची वाट पाहणाऱ्यांना विचारून केलेलं आहे. लोक मोकळेपणाने सांगतात.

टाकल्यानंतर प्ले कन्सोलमध्ये दोन लिस्टिंगमधला फरक तपासायची सोय आहे. तिथे शॉर्ट डिस्क्रिप्शन, सविस्तर वर्णन, आयकन, स्क्रीनशॉट बदलून बघता येतात, टायटल मात्र नाही. पण पानावर रोज मूठभर लोक येत असतील तर त्या चाचणीचा कौल महिनोन्महिने लागत नाही, आणि लागला तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. सुरुवातीला आकडे असे वाचा. पानावर येणारेच कमी असतील तर टायटल आणि वर्णनातल्या शब्दांकडे बघा. त्यासाठी लोक कोणते शब्द टाइप करून आले ते कन्सोल दाखवतं, पुरेशी माणसं आली की. येतात पण घेत नाहीत, तर शॉर्ट डिस्क्रिप्शन आणि पहिला स्क्रीनशॉट बदला, एका वेळी एकच. घेतात आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकतात, तर लिस्टिंगने सांगितलेलं आत सापडत नाहीये. तेव्हा ओळी जास्त आकर्षक करू नका, खऱ्या करा, किंवा पहिला धडाच असा करा की ‘म्हाका बांगडे जाय’ त्यात पहिल्या मिनिटाला येईल. चित्रात दाखवलेलं वाक्य ॲपमध्ये सतराव्या धड्यात असेल, तर ते स्क्रीनशॉटच्या जागी योग्य नाही.

पहिला स्क्रीनशॉट तयार झाला की इथे टाका, कॅप्शनसकट. अनुस्वार दिसतोय का ते मी बघून सांगतो.